SLPM मधला S गाळला आणि माझे एकवीस हजार गेले

इंदूरच्या सांवेर रोडवर माझी एक छोटी चाचणीशाळा आहे. शेव, चिवडा, फरसाण पाकिटात किती दिवस टिकतं, खवट कधी होतं हे आम्ही तपासून देतो. त्यासाठी एका बंद पेटीतून ठरावीक प्रमाणात ऑक्सिजन असलेली हवा सोडतात. नायट्रोजनचा एक आणि कोरड्या हवेचा एक असे दोन थर्मल मास फ्लो कंट्रोलर हे प्रमाण सांभाळतात. गेल्या जूनमध्ये यातल्या नायट्रोजनच्या कंट्रोलरचं वार्षिक कॅलिब्रेशन करून घेतलं आणि त्यात मी फसलो. ज्यांच्याकडे असे कंट्रोलर आहेत त्यांनी हे जरूर वाचावं.

शहरातल्याच एका प्रयोगशाळेत गेलो. मालक मराठी, गणेशोत्सवात ओळख झालेली, त्यामुळे दुसरीकडे भाव विचारायलासुद्धा गेलो नाही. त्यांनी माझ्यासमोर कंट्रोलर लावला, एक लिटरवर सेट केला आणि पिस्टन प्रूव्हर सुरू केला. काचेच्या सरळ नळीत ग्राफाइटचा हलका पिस्टन वायूच्या जोरावर वर जातो. ठरलेलं अंतर कापायला त्याला किती वेळ लागतो त्यावरून यंत्र मिनिटाला किती लिटर ते काढतं. पडद्यावर आकडा आला 1.206. दुसऱ्यांदा 1.207, तिसऱ्यांदा 1.205.

"बघा साहेब, वीस टक्के जास्त सोडतोय. सेन्सर गेला तुमचा."

डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणणार? नवा सेन्सर आणि कॅलिब्रेशन मिळून एकवीस हजारांचं बिल भरलं. चार दिवसांनी कंट्रोलर परत आला. सोबत प्रमाणपत्र होतं आणि पाचही बिंदूंवर चूक 0.0 टक्के लिहिलेली होती.

पेटीला जोडून चाचण्या सुरू झाल्यावर गडबड लक्षात आली. दोन्ही कंट्रोलर एकेक लिटरवर ठेवले की मिश्रणात ऑक्सिजन हवेतल्या 20.9 टक्क्यांच्या निम्मा, म्हणजे साधारण 10.45 टक्के यायला हवा. माझ्या वहीत दोन वर्षांच्या नोंदी आहेत आणि दर वेळी 10.4 किंवा 10.5 आहे. या वेळी ऑक्सिजन मोजणाऱ्या अॅनालायझरने 11.4 दाखवलं. मी अॅनालायझर तपासला, गळती पाहिली, नळ्या बदलल्या, पण आकडा हलला नाही. म्हणजे नायट्रोजनच कमी येत होता. उलट हिशेब केला तर मिनिटाला 0.83 लिटर निघाला. दुरुस्तीआधी बरोबर असलेला कंट्रोलर दुरुस्तीनंतर 17 टक्क्यांनी चुकत होता.

इथे मूळ गोष्ट नीट समजून घ्या. थर्मल कंट्रोलर वायूचं आकारमान मोजत नाही. तापवलेल्या बारीक नळीतून वायू किती उष्णता वाहून नेतो त्यावरून तो वस्तुमान ओळखतो आणि ते 'प्रमाण स्थितीतले लिटर' म्हणून सांगतो. माझ्या कंट्रोलरच्या पट्टीवर SLPM, म्हणजे मिनिटाला इतके प्रमाण लिटर, असं लिहिलंय आणि माहितीपुस्तकात ती स्थिती 0 अंश सेल्सिअस व 101.325 किलोपास्कल अशी दिली आहे. प्रूव्हर मात्र त्या क्षणी, त्या खोलीत वायू जितकी जागा व्यापतो तेच मोजतो. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे. त्या दिवशी हवेचा दाब 94.2 किलोपास्कल होता आणि वायूचं तापमान 33 अंश. दाब कमी आणि गरमी जास्त, म्हणून तोच वायू जास्त जागा घेणार. प्रूव्हरचा आकडा प्रमाण स्थितीत आणायला हे सूत्र आहे:

```
Qs = Qv × (P / 101.325) × (273.15 / (273.15 + t))
Qs = 1.206 × (94.2 / 101.325) × (273.15 / 306.15) = 1.000
```

म्हणजे 1.206 हा आकडा खरा होता आणि माझा कंट्रोलरही खरा होता. दोघं वेगवेगळ्या लिटरमध्ये बोलत होते, इतकंच. त्या माणसाने कंट्रोलरच्या बाजूच्या भोकातून स्पॅनचा, म्हणजे दाखवलेला आणि खरा प्रवाह जुळवायचा, स्क्रू फिरवून प्रूव्हरवर 1.000 आणला आणि चांगलं यंत्र बिघडवलं.

हे अज्ञान म्हणून सोडून दिलं असतं. पण सेन्सर बदलायला वरचं झाकण उघडावं लागतं, आणि झाकणाच्या स्क्रूवर कंपनीने लावलेला लाल रंग तसाच होता, कुठे तडासुद्धा नव्हता. सेन्सर बदललाच नव्हता. मग प्रमाणपत्र पुन्हा वाचलं. SLPM च्या जागी नुसतं LPM लिहिलेलं होतं. दाबाचा रकाना नव्हता. तापमान 25 अंश लिहिलेलं, आणि त्या खोलीत मी स्वतः घामाघूम होऊन बसलो होतो. दुरुस्तीआधीचे आकडे कुठेच नव्हते. वर प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचं चिन्ह होतं, म्हणून तिच्या संकेतस्थळावर त्या प्रयोगशाळेच्या मान्यतेची व्याप्ती काढून पाहिली. तिथे दाब आणि तापमानाची मान्यता आहे, वायूच्या प्रवाहाची नाही.

ओळखीच्या एका अभियांत्रिकी प्राध्यापकांनी आपला प्रूव्हर दिला म्हणून पुढचं काम निभावलं. कंट्रोलर तासभर गरम होऊ दिला, प्रवाह बंद करून शून्य पाहिलं, दोघांमधली नळी वीतभरच ठेवली आणि दर बिंदूला दहा फेऱ्यांची सरासरी घेतली. दाब घेताना मात्र मी एकदा चुकलो. मोबाईलवरच्या हवामानाच्या अॅपमधला 1003 हेक्टोपास्कल हा आकडा सूत्रात टाकला. तो समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो, इंदूरचा प्रत्यक्ष दाब नव्हे, आणि एवढ्यानेच उत्तर सहा टक्क्यांहून जास्त चुकतं. दाब प्रूव्हरच्या आतला किंवा जवळच्या बॅरोमीटरचा, आणि तापमान नळीतल्या वायूचं घ्यायचं, भिंतीवरच्या थर्मामीटरचं नाही. तसंच प्रमाण तापमान गृहीत धरू नका. काही कंपन्या 0 ऐवजी 20 किंवा 25 अंश धरतात, आणि 0 व 20 मध्येच सात टक्क्यांचा फरक आहे. प्रमाणपत्रावर नुसतं 'एनटीपी' लिहिलं असेल तर किती अंश आणि किती दाब ते लिहून मागा.

स्पॅन जागेवर आणल्यावर अॅनालायझरवर पुन्हा 10.5 आलं. तेव्हा हायसं वाटलं, पण मधल्या तीन आठवड्यांत दोन ग्राहकांना दिलेले अहवाल परत मागवावे लागले. त्यांच्या फरसाणाची चाचणी आम्ही सांगितल्यापेक्षा जास्त ऑक्सिजनमध्ये झाली होती. त्यांना फोन करून हे सांगताना फार लाज वाटली.

प्रयोगशाळेच्या मालकांना भेटलो. झाकणावरचा लाल रंग दाखवल्यावर म्हणाले, "अहो, आतून साफ केलाय, तेच बिलात सेन्सर म्हणून लिहिलंय." पैसे आजवर परत आले नाहीत. एनएबीएलकडे प्रमाणपत्राच्या प्रतीसह तक्रार केली आहे.

एक गोष्ट अजून मनातून जात नाही. कंट्रोलर द्यायला गेलो तेव्हा ते मालक म्हणाले होते, "हवेचाही आणा की, दोन्हींचं मिळून कमी करून देतो." तो नेला असता तर दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली आले असते. गुणोत्तर तेच राहिलं असतं, अॅनालायझर निमूटपणे 10.5 दाखवत बसला असता, आणि पेटीत वायू 17 टक्के कमी जातोय हे मला कधीच कळलं नसतं.