आधी सारांश की आधी पेपर?

संशोधन-पेपर वाचायला एआय टूल वापरायचं म्हटलं की दोन रस्ते दिसतात. एक, पीडीएफ टाकायची, सारांश घ्यायचा आणि त्यावरून नोट्स काढायच्या. दुसरा, पद्धतीचा भाग आणि मुख्य तक्ते आधी स्वतः पाहायचे, नोट लिहायची आणि मग टूलला विचारायचं, यात काय सुटलं?

२०१५ चा स्प्रिंट हा रक्तदाबावरचा अभ्यास घ्या. वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचं लक्ष्य एका गटाला, १४० च्या खालचं दुसऱ्याला. एकूण ९,३६१ माणसं. सारांशात सहसा एवढंच उरतं: ‘रक्तदाब अधिक कमी केल्याने हृदयविकाराचा धोका २५ टक्क्यांनी घटतो.’ हे खोटं नाही, पण नोटमध्ये असंच उतरवलं तर फसगत होते. तक्त्यात पाहिलं तर हृदयविकार, पक्षाघात वगैरे घटना १४० च्या गटात वर्षाला २.१९ टक्के, तर १२० च्या गटात १.६५ टक्के होत्या, म्हणजे फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. शिवाय मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले रुग्ण अभ्यासात घेतलेच नव्हते. सारांश छोटा करताना पहिला बळी अशाच अटींचा जातो, आणि वाक्य गुळगुळीत असल्याने काही गळालंय असं वाटतही नाही. मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण मात्र १२० च्या गटातच जास्त, ४.१ विरुद्ध २.५ टक्के होतं. ते तर अनेकदा ‘काही दुष्परिणाम’ एवढ्यावर निभावतं.

दुसऱ्या रस्त्याला वेळ जास्त लागतो, हे खरंच. पण अटी आणि आकडे तुमच्या नजरेखालून गेलेले असतात, त्यामुळे टूलने चुकीचा आकडा दिला तर लगेच खटकतो.

शब्दांचा प्रश्न वेगळा. सारांश समोर ठेवून शब्द बदलत गेलं की वाक्याचा सांगाडा तोच राहतो, आणि तो प्रबंधात थेट शिरतो. त्यावर मला पटलेला उपाय असा: खिडकी बंद करायची आणि नोट मराठीत लिहायची. इंग्रजी सारांशाची वाक्यं तशीच उतरण्याची सोयच उरत नाही. मग पेपर उघडून प्रत्येक आकड्यापुढे तक्ता क्रमांक किंवा पान टाकायचं. पेपरात जागा सापडली नाही, तर ती ओळ खोडायची. मूळ वाक्यच हवं असेल तर ते पेपरातून, अवतरणचिन्हांत घ्यायचं. टूलने दिलेलं ‘अवतरण’ पीडीएफमध्ये शोधून सापडल्याशिवाय वापरू नये.

ढीगभर पेपरांतून कोणते वाचायचे हे ठरवायचं असेल, तर पहिला रस्ता पुरतो. तिथे सारांशावर नोट मात्र काढायची नाही, फक्त ‘वाचायचा’ की ‘सोडायचा’ एवढी खूण करायची. जो पेपर संदर्भ म्हणून देणार, त्याला दुसराच.