लिंबू, फ्रीजर की तवा? समुद्राच्या माशातली अळी नक्की कशाने मरते

कोल्हापुरात समुद्राचा मासा येतो तो रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडून, बर्फात, घाट चढून. आजवर आपण तो तळून नाहीतर रश्शात शिजवूनच खाल्ला. आता घरातल्या तरुण मंडळींना सुशी करून बघायची असते, लिंबात मुरवलेली कच्ची सुरमई खायची असते, किंवा तुकडी तव्यावरून जरा लवकर उतरवून आतून ओलसर ठेवायची असते. यातलं काय करावं आणि काय टाळावं, हे ठरवायचं तर अ‍ॅनिसाकिस नावाच्या कृमीची ओळख आधी हवी.

या कृमीचं खरं घर म्हणजे देवमासे आणि डॉल्फिन यांचं पोट. तिथे ती मोठी होते, अंडी घालते, अंडी विष्ठेतून समुद्रात जातात. पाण्यातले बारीक कोळंबीवर्गीय जीव अळी गिळतात, त्यांना मासे आणि माकूळ खातात, आणि अळी माशाच्या आतड्याभोवती वेटोळं करून देवमाशाची वाट बघत बसते. देवमाशाऐवजी माणसाने तो मासा कच्चा खाल्ला, तर ती चुकीच्या पोटात येते. इथे तिची वाढ पूर्ण होत नाही, अंडी होत नाहीत. पण मरण्याआधी ती जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तरात तोंड खुपसते, आणि सगळा त्रास तिथून सुरू होतो.

अळी साधारण दोन-तीन सेंटीमीटर लांब, पांढरट, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. मासा साफ करताना आतड्यावर ती दिसू शकते. अडचण अशी की मासा मेल्यावर काही अळ्या आतड्याकडून पोटाकडच्या मांसात शिरतात. होडीवरचा वेळ, बंदरावरचा वेळ, मग घाटातला प्रवास, आणि तोवर मासा बहुतेकदा न फाडलेलाच असतो. बर्फाने मासा टिकतो, अळी मरत नाही. म्हणून लक्ष्मीपुरीत मासा घेतला की तिथेच पोट साफ करून घ्यावं, आणि पोटाकडची पातळ झालर उजेडात धरून बघावी. जाड मांसात रुतलेली अळी मात्र अशी दिसत नाही. भारताच्या किनाऱ्यावरच्या माशांतही या अळ्या अभ्यासकांना आढळल्या आहेत, तेव्हा ‘हे जपानचं दुखणं’ असं म्हणून सोडून देता येत नाही.

आता तीन उपाय शेजारी शेजारी ठेवू.

लिंबू सगळ्यात कमजोर, आणि तरी त्याच्यावरच लोकांचा जास्त भरवसा. लिंबाच्या रसात ठेवलेली सुरमई काही वेळात पांढरी, घट्ट होते, शिजल्यासारखी दिसते. आम्लाने मांसातली प्रथिनं बदलतात म्हणून ते होतं. अळी मात्र जठरातल्या आम्लात तग धरणारी आहे, तिला लिंबाचं काय! व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या माशातही ती बरेच दिवस जिवंत राहू शकते. आपण तळण्याआधी लिंबू, हळद, मीठ लावतो ते चवीसाठी आणि वासासाठी ठीक आहे, पण तो शिजवण्याला पर्याय नाही. मुरवलेला कच्चा मासा हवाच असेल, तर मुरवण्याआधी तो नीट गोठवलेला असला पाहिजे.

गोठवण्याने अळी खरोखर मरते, पण अटी कडक आहेत. नेदरलँड्समध्ये 1960 च्या सुमारास हलक्या मिठातले हेरिंग मासे खाणाऱ्या रुग्णांत हा आजार ओळखला गेला. 1968 मध्ये तिथे हेरिंग गोठवणं कायद्याने सक्तीचं झालं आणि रुग्ण झपाट्याने कमी झाले. युरोपातला नियम म्हणजे माशाच्या सगळ्या भागांत उणे 20 अंश, किमान 24 तास. अमेरिकेतला नियम उणे 20 वर एकूण सात दिवस सांगतो. दोन्ही आकड्यांत फार मोठा विरोध नाही. पहिल्यात घड्याळ सुरू होतं ते मासा आतपर्यंत गोठल्यावर, दुसऱ्यात फ्रीजरमध्ये ठेवल्यापासूनचा सगळा काळ धरलेला आहे.

घरी कुठला धरायचा? सात दिवसांचा, कारण माशाच्या मध्यभागी उणे 20 कधी आलं हे आपल्याला कळत नाही. समजा, एक किलोची सुरमई आणली. अख्खी कोंबली तर आतपर्यंत गोठायला बराच वेळ जाईल. पोट साफ करून पातळ तुकड्या कराव्यात, त्या एकमेकींना न चिकटता एका थरात ठेवाव्यात, आणि शेजारी फ्रीजरचा थर्मामीटर ठेवून आकडा रोज बघावा. एका दाराच्या फ्रिजमधला वरचा बर्फाचा कप्पा बहुधा एवढा गार होतच नाही. बर्फ जमतो म्हणजे उणे 20 झालं असं नाही. वीज गेली, लहान मुलांनी दार उघडं ठेवलं, की आकडा वर चढतो आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात. माझं स्पष्ट मत असं की, थर्मामीटरवर सात दिवस उणे 20 टिकत नसेल, तर त्या फ्रीजरच्या भरवशावर कच्चा मासा कुणालाही वाढू नये.

सुशी खायचीच असेल, तर कारखान्यात गोठवलेला मासा आणि ‘किती अंशावर, किती वेळ’ याचं उत्तर देणारा विक्रेता निवडावा. सामन मासा तयार गोळीखाद्यावर वाढवलेला असेल तर त्यात ही अळी असण्याची शक्यता फारच कमी, कारण ती ज्यातून येते ते समुद्री भक्ष्य त्याच्या पोटात जात नाही. पाकिटावर ‘पाळलेला’ असा उल्लेख आहे का, ते वाचावं. ‘ताजा’ हा शब्द इथे उपयोगाचा नाही. यावर तोड म्हणून पंचगंगेचा मासा कच्चा खाऊ नका. त्यात अ‍ॅनिसाकिस नसते, पण गोड्या पाण्याचे परजीवी वेगळेच असतात.

तवा आणि रस्सा यांत मात्र हिशोब सोपा आहे. माशाच्या मध्यभागी 63 अंश पंधरा सेकंद राहिलं की काम झालं. उकळत्या रश्शात तुकडी सहज तिथवर पोचते. तव्यावर घोटाळा होतो, कारण रवा बाहेरून लाल झाला तरी काट्याजवळ मांस काचेसारखं राहू शकतं. मसाला भरलेल्या बांगड्यात तो जास्त होतो. गार मसाला नेमका पोटाच्या पोकळीत बसतो, आणि अळी असण्याची शक्यताही तिथेच जास्त. म्हणून दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्याव्यात, मसाला फ्रिजमधून काढून थेट भरू नये, आणि मंद आचेवर झाकण ठेवून आधी आतून शिजू द्यावं, मग आच वाढवून कुरकुरीत करावं. मांस सगळीकडे पांढरं, अपारदर्शक झालं आणि काट्यापासून सहज सुटलं, तर मासा शिजला.

एक मर्यादा तव्यालाही आहे. काहींना या अळीच्या प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी होते, आणि ती प्रथिनं शिजवल्याने किंवा गोठवल्याने पूर्ण जात नाहीत. मासे खाल्ल्यावर वारंवार अंगावर गांध्या उठत असतील, ओठ सुजत असतील, तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना अ‍ॅनिसाकिसचं नाव सांगून रक्त तपासावं. श्वास कोंडला तर वाट न बघता थेट दवाखाना गाठावा.

कच्चा किंवा अर्धवट शिजलेला मासा खाल्ल्यावर काही तासांतच बेंबीच्या वर जोराची कळ, मळमळ, उलटी सुरू झाली, तर ती पित्ताची म्हणून दाबू नका. कोणता मासा, कसा, किती वाजता खाल्ला हे डॉक्टरांना आधी सांगा. दुर्बीण घालून अळी बाहेर काढली की आराम पडतो. अळी आतड्यात गेली तर दुखणं काही दिवसांनी सुरू होतं आणि अपेंडिक्ससारखं भासतं. शौचाच्या तपासणीत काही सापडणार नाही, कारण ही कृमी माणसात अंडी घालतच नाही. आणि नेहमीची जंताची गोळी हा तिच्यावरचा खात्रीचा इलाज नाही.