जुन्या लॅपटॉपच्या डायवर पेस्ट की पॅड? बरेच महिने दोन्ही वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, लॅपटॉप जुना आहे पण मला तो टाकायचा नाहीये. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला, रॅम वाढवलेली, फक्त तापतो म्हणून नवीन घ्यायचा हे मला पटत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

सुरुवात एका रिपेअरवाल्यापासून झाली. फॅन साफ करायला दिला होता, त्याने स्वतःहून प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपच्या डायवरची, म्हणजे चिपच्या उघड्या पृष्ठभागावरची, वाळलेली पेस्ट काढून तिथे निळा सिलिकॉनचा थर्मल पॅड लावला, आणि वर सांगितलं की पेस्ट वाळते, पॅड वाळत नाही, आता बघायलाच नको. घरी आणून जरा मोठी फाइल एक्स्पोर्टला लावली तर दोन-तीन सेकंदांत प्रोसेसर थेट ९९ डिग्रीवर आणि स्पीड निम्म्यावर. आधीच्या वाळलेल्या पेस्टवर सुद्धा एवढं वाईट नव्हतं!

यातली एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. HWiNFO या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ९९ दिसतंय, फॅन फुल फिरतोय, आणि बाजूच्या जाळीपुढे हात धरला तर हवा जेमतेम कोमट. जाळी कचऱ्याने तुंबली असती तर हवाच कमी आली असती. इथे हवा भरपूर येतेय पण गार येतेय, म्हणजे चिपमधली उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे ती शोषून हवेला देणाऱ्या तांब्याच्या भागापर्यंत, पोचतच नाहीये, अडकलीये ती मधल्या थरात. लोड बंद केला की आकडा एका सेकंदात ९९ वरून ६० वर, कारण तापली होती फक्त ती इवलीशी चिप, तांब्याचा हीटसिंक तसाच थंड.

आता माझा मुख्य मुद्दा, आणि मी यावरच अडून बसणार आहे. पाकिटावरचा W/mK चा, म्हणजे उष्णता वाहून नेण्याच्या क्षमतेचा, आकडा बघून लोक पॅड घेतात, पण थराची जाडी कोणी बघत नाही. हिशोब सोपा आहे: तापमानातला फरक म्हणजे वॅट गुणिले जाडी, भागिले कंडक्टिव्हिटी आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. समजा डाय १५० चौरस मिमी, लोड ४५ वॅट, आणि दोन्हीकडे कंडक्टिव्हिटी सारखीच ६ धरू, म्हणजे कोणावर अन्याय नको. पॅड अर्ध्या मिमीचा असेल तर एकट्या त्या थरात जवळपास २५ डिग्री जातात. पेस्ट नीट दाबली गेली की थर ०.०३ मिमीच्या आसपास राहतो, तिथे जातात दीड डिग्री. पॅड थोडा दबतो हे खरं, पण दबून दबून किती दबणार. दुप्पट महागडा १२ चा पॅड आणलात तरी साडेबारा डिग्री गेल्याच. त्यात प्रत्यक्षात डायच्या सगळ्या भागात उष्णता सारखी नसते, कोअर जिथे आहेत तिथेच ती गोळा होते, म्हणून फटका या हिशोबापेक्षा जास्तच बसतो.

तर पॅड काढला. त्याचे तुकडे डायच्या कडेच्या बारीक कपॅसिटरमध्ये अडकले होते, ते प्लास्टिकच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले, नेहमीची पातळ, सहज पसरणारी पेस्ट लावली, स्क्रू हीटसिंकवर लिहिलेल्या नंबरांप्रमाणे थोडे थोडे करत आवळले. तेच एक्स्पोर्ट, तीच खोली, प्रोसेसर ८१ वर स्थिर. जाळीतून गरम झळ यायला लागली, आणि इथे गरम हवा हीच चांगली बातमी. तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, पेस्टच, विषय संपला.

पण काही महिन्यांनी आकडे परत सरकायला लागले. आधी ८४, मग ८८, मग ९३. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोअरा-कोअरांत फरक पडला, एक कोअर ९४ तर शेजारचा ८०. ग्राफिक्सला सरासरी ठीक, पण GPU Hot Spot Temperature आणि साधं तापमान यातलं अंतर वाढत चाललेलं. सगळं सारखं वाढलं तर कचरा किंवा फॅन बघा, एकच जागा वेगळी पडली तर डायवरचा थर बघा.

उघडलं तर पेस्ट वाळलेली नव्हती, अजून ओली होती! पण डायच्या मधोमध आरशासारखी चकचकीत मोकळी जागा आणि कडेला सगळ्या पेस्टची गच्च किनार. याला पंप-आउट म्हणतात. लॅपटॉपमध्ये डायवर धातूचं झाकण नसतं, हीटसिंक थेट उघड्या चिपवर बसतो. तापलं की डाय आणि तांबं वेगवेगळं फुगतं, थंड झालं की परत आकसतं, आणि दर वेळी पेस्ट जरा जरा बाहेर ढकलली जाते. पेस्ट जितकी पातळ तितकं हे लवकर. त्यामुळे 'पेस्ट वाळते' हे रिपेअरवाल्याचं अर्धंच खरं होतं, माझ्याकडे ती वाळण्याआधीच निघून गेली.

इथे माझं मत बदललं. तिसरा प्रकार आहे, फेज चेंज पॅड, हनीवेलचा पीटीएम ७९५० त्यातला सगळ्यात माहितीतला. हा नावालाच पॅड. खोलीच्या तापमानाला घट्ट कागदासारखा, ४५ डिग्रीच्या आसपास मऊ होतो, हीटसिंकच्या दाबाने पसरून पेस्टइतका पातळ होतो, पण घट्ट असल्यामुळे बाहेर पळत नाही. म्हणजे जाडीचा माझा आक्षेप इथे लागूच होत नाही. लावताना त्रास एकच, उन्हाळ्यात तो फिल्मला चिकटून फाटतो. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, डायच्या मापाचा कापा, एका बाजूची फिल्म काढून बसवा, दाबा, मग वरची फिल्म एका कोपऱ्यातून झटक्यात ओढा. पहिल्यांदा चालू केल्यावर ८९ बघून घाबरू नका, पूर्ण लोडवर दोन-चारदा तापून थंड झाला की आकडा उतरतो. माझा ८२ वर आला, म्हणजे ताज्या पेस्टपेक्षा एक डिग्री जास्तच, पण महिने गेले तरी ८२-८३ वरच आहे आणि कोअरमधला फरक पाच-सहाच्या वर गेलेला नाही.

साधे सिलिकॉनचे पॅड वाईट आहेत असं मात्र नाही, त्यांची जागा वेगळी. ग्राफिक्सच्या मेमरी चिप आणि पॉवरचे भाग हीटसिंकपासून लांब असतात, ती फट पेस्टने भरत नाही, तिथे पॅडच हवा. पण मूळ जाडीचाच. मूळ १ मिमी असेल आणि तुम्ही दीड टाकला तर हीटसिंक उचलला जातो, मेमरी थंड राहते आणि डाय उपाशी. खात्री करायची तर डायवर थोडी साधी पेस्ट लावून हीटसिंक पूर्ण आवळा, लगेच काढून ठसा बघा. सगळीकडे सारखा पातळ असेल तर ठीक, एका बाजूला जाड राहिला तर पॅड जाड आहे. माझे मूळ पॅड फाटले नव्हते, तेलकट झाले होते फक्त, तेच परत लावले आणि ठसा बरोबर आला, म्हणून नवे घेतलेच नाहीत.