इवलासा की आटोपशीर? मालाच्या वर्णनात आणि कवितेत ‘लहान’ कसं लिहावं

मराठीत लहानाला शब्दांचा तोटा नाही. छोटा, लहान, चिमुकला, इवलासा, नाजूक, आटोपशीर, सुटसुटीत, सूक्ष्म, शिवाय आता रुळलेले मिनी आणि कॉम्पॅक्ट. घरगुती व्यवसायासाठी ऑनलाइन मालाचं वर्णन लिहिणारी आणि दिवाळी अंकाला कविता पाठवणारी व्यक्ती बऱ्याचदा एकच असते. तिच्यापुढे शब्दांची ही पिशवीही एकच असते, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. त्यासाठी एक वस्तू दोन्हीकडे लिहून पाहू: दगडी खलबत्ता. बाहेरून व्यास 13 सेंमी, उंची 9 सेंमी. आतला खळगा 9 सेंमी रुंद आणि 6 सेंमी खोल.

आधी विक्रीचं वर्णन. ‘इवलासा, गोंडस खलबत्ता’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात भातुकली येते. इवलासा, चिमुकला, छोटुकला हे शब्द मुलांच्या आणि पाखरांच्या वस्तीतले. ते आकार सांगत नाहीत, माया सांगतात. माल घरी पोहोचतो तेव्हा हातात दोन-अडीच किलोचा ग्रॅनाइट येतो, आणि गिऱ्हाईक चक्रावतं. उलटही होतं. ‘छोटा खलबत्ता’ एवढंच लिहिलं आणि सोबत अगदी जवळून काढलेला फोटो लावला, तर घरभराचा मसाला कुटायला पुरेल एवढा खलबत्ता येणार असं समजून कुणी मागवतं आणि ‘फोटोत मोठा दिसत होता’ म्हणून परत पाठवतं. दोन्ही वेळा दगड तोच असतो, घोळ शब्दाने केलेला असतो.

म्हणून मालाच्या वर्णनात पहिली जागा आकड्याची. तीही बाहेरच्या आणि आतल्या मापाची वेगवेगळी, कारण ओट्यावर जागा बाहेरचं माप घेतं आणि लसूण आतल्या मापात मावतो. अशा अर्धगोल खळग्यात काठोकाठ अडीचशे मिलिलिटरच्या आसपास पाणी मावतं. पण कुटताना तो अर्ध्याच्या वर भरता येत नाही, माल बाहेर उडतो. म्हणजे कामाची जागा साधारण सव्वाशे मिलिलिटर. हे घरच्या भाषेत सांगायचं तर ‘एका वेळी आठ-दहा लसणाच्या पाकळ्या आणि दोन मिरच्या आरामात’. माप सेंटिमीटरमध्येच द्यावं. वैध मापन अधिनियम, 2009 प्रमाणे व्यवहारात वस्तूचं माप प्रमाणित मेट्रिक एककांतच सांगावं लागतं, त्यामुळे ‘वीतभर’ आणि ‘चार बोटं’ इथे बाद.

आकडा दिल्यावर विशेषणाला काम उरतं ते एवढंच की हा लहानपणा कशाच्या उपयोगाचा आहे ते सांगणं. इथे आटोपशीर आणि सुटसुटीत हे दोन शब्द बाकीच्यांपेक्षा सरस ठरतात. आटोपशीर म्हणजे पसारा नाही, हाताबाहेर जात नाही. सुटसुटीत म्हणजे वापरताना अडचण नाही. घडीच्या टेबलाला सुटसुटीत शोभतं, खलबत्त्याला आटोपशीर. ‘कॉम्पॅक्ट’ही चालतो, पण ज्या धंद्यात त्याला ठरलेला अर्थ आहे तिथेच तो खरा खणखणीत वाजतो. आपल्याकडे मोटारींचं उदाहरण घ्या. 2006 च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा जास्त लांबी नसलेल्या, ठरावीक इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, आणि तेव्हापासून गाडीवाल्यांच्या तोंडी ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे चार मीटरच्या आतली. डब्याला किंवा देव्हाऱ्याला असा काही आकडा चिकटलेला नाही. तिथे तो शब्द नुसता दिमाखाला.

‘सूक्ष्म’ तर मालाच्या वर्णनात जपूनच. सरकारी भाषेत सूक्ष्म उद्योग म्हणजे 1 एप्रिल 2025 पासून वर्षाला दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला! गाळणीच्या जाळीला सूक्ष्म म्हणा, हरकत नाही, पण सोबत मायक्रॉनचा आकडा हवा.

‘नाजूक’ची गंमत वेगळी. सराफाकडे तो धंद्याचाच शब्द आहे, नाजूक मंगळसूत्र म्हटलं की कमी वजनाचं, बारीक घडणीचं, हे गिऱ्हाइकाला बरोबर कळतं. काचेच्या बरणीला तोच शब्द लावलात तर ‘फुटेल बाई’ असं ऐकावं लागेल. आणि कपड्यांत ‘पेटीट’चं भाषांतर नाजूक असं करू नये. तिथे तो बांध्याबद्दल नाही, उंचीबद्दल आहे. साधारण पाच फूट चार इंच, म्हणजे 163 सेंमीपर्यंत उंचीच्या बाईसाठी बाही, कंबर आणि लांबी आखूड बेतलेला कपडा, मग ती बाई जाड असो की बारीक. ‘ठेंगण्या बायकांसाठी’ असं तर कुणी लिहिणार नाही अशी आशा आहे. सरळ उंची लिहावी.

आता तोच खलबत्ता कवितेत.

इथे सेंटिमीटर मदतीला येत नाही, आणि गंमत म्हणजे इवलासा, चिमुकलाही फारसे येत नाहीत. बालगीतात ते घरचे आहेत. मोठ्यांच्या कवितेत ते वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकतात की इथे हळवं व्हायचं, आणि वाचणारा तेवढ्यानेच कोरडा होतो. कवितेतलं लहान शेजारी काय ठेवलंय त्यावर उभं राहतं. तुकोबांचा ‘अणुरेणुया थोकडा । तुका आकाशाएवढा’ पाहा. ‘थोकडा’ हा एकटा शब्द साधाच, पण एका बाजूला अणुरेणू आणि दुसऱ्या बाजूला आकाश आल्यावर तो मोजमापाच्या पलीकडे जातो. बहिणाबाईंनी सुगरणीच्या चोचीला खानदेशी बोलीतला ‘उलीशी’ लावला आणि तिच्यासमोर माणसाचे दोन हात, दहा बोटं ठेवली. चोच किती मिलिमीटर हे कुणी विचारत नाही. आपली दहा बोटं मात्र एकदम रिकामी वाटू लागतात.

खलबत्त्यावर हे करून पाहू. ‘आजीचा इवलासा खलबत्ता’ ही ओळ कुठेच जात नाही. ‘आजीचा खलबत्ता, आता एका वेलदोड्यापुरता’ म्हटलं की दगड तेवढाच राहून घर आक्रसतं. जिथे पूर्वी गोडा मसाला कुटला जायचा तिथे आता एक कप चहा उरला आहे, हे ‘आता’ आणि ‘पुरता’ यांनी सांगितलं, विशेषणाने नाही. वीतभर, मूठभर, कणभर, तिळाएवढा ही सगळी मंडळी याच जातीची. विक्रीच्या वर्णनातून बाद झालेली वीत इथे हक्काने बसते, कारण ती माणसाच्या हाताची आहे. सूक्ष्म मात्र इथेही अवघड. त्याच्या मागोमाग स्थूल देह, सूक्ष्म देह असं सगळं तत्त्वज्ञान दारात येऊन उभं राहतं. ते हवं असेल तरच बोलवावं.

दोन्हीकडे चालणारं एकच हत्यार मला सापडतं, ते म्हणजे हा ‘पुरता’. ‘दोघांपुरता कुकर’ हे विक्रीच्या वर्णनात कुठल्याही ‘मिनी’पेक्षा जास्त सांगतं, सोबत लिटर लिहिले की झालं. आणि तेच दोन शब्द, मुलं परदेशी गेलेल्या घरावरच्या कवितेत, लिटर न लिहिता.