कंपनीत दंततपासणी शिबिर लावण्याआधी त्या मेलमधल्या मिनिटांचा हिशेब करा

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याच्या एचआरला दवाखान्याच्या नावाने मेल आला. विषय होता कर्मचाऱ्यांसाठी दंततपासणी शिबिर. मजकूर नीटनेटका होता: शनिवारी सकाळी 10 ते 1, कर्मचारी 180, पाच जणांची टीम, माणशी 100 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, निम्मी रक्कम आगाऊ. एकूण 21,240 रुपये, त्यातले 10,620 आधी. कंपनीच्या दृष्टीने रक्कम किरकोळ, म्हणून कोणी फारशी चौकशी केली नाही. पण फसवणूक या 21,240 मध्ये नव्हतीच. ती पुढे कामगारांच्या खात्यांतून झाली, आणि तिची चिन्हं मेलमध्येच होती. असे मेल इतर कारखान्यांनाही जातात, म्हणून हा सगळा प्रकार सविस्तर लिहितो आहोत.

पहिलं चिन्ह वेळापत्रकात. दहा ते एक म्हणजे 180 मिनिटं आणि माणसं 180. पाच जणांच्या टीममध्ये नोंदणीकृत दंतवैद्य एकच होता. बाकीचे नावं लिहिणारे, कूपन वाटणारे आणि फोन नंबर घेणारे. म्हणजे माणशी एक मिनिट. आरसा आणि प्रोब घेऊन सगळे दात पाहायचे, हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू बघायची आणि शेजारी बसलेल्या मदतनिसाला दाताचा क्रमांक सांगायचा, याला चार-पाच मिनिटं लागतात. एक डॉक्टर तासाला बारा ते पंधरा माणसं नीट बघतो. 180 जणांसाठी दोन डॉक्टरांचा पूर्ण दिवस जातो, तोही मध्ये चहा-जेवण धरून ओढाताणीचा. मेलमध्ये डॉक्टरांची संख्या न देता ‘टीम’ एवढंच लिहिलं असेल, तर तिथेच थांबावं.

दुसरं चिन्ह अवजारांत. प्रत्येक तोंडाला वेगळा, निर्जंतुक केलेला आरसा आणि प्रोब लागतो. ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर किमान पंधरा मिनिटं धरायचं म्हटलं तरी तापणं, थंड होणं, वाळणं धरून एक फेरी पाऊण तासाच्या आसपास जाते. तीन तासांच्या शिबिरात तीच अवजारं फिरवून वापरणं सुरक्षितपणे जमत नाही. 180 माणसं तर 180 बंद पाकिटं, नाहीतर एकदा वापरून फेकायचे संच. या शिबिरात चाळीसेक संच होते आणि वापरलेला आरसा ट्रेमधल्या द्रावात बुडवून, कापसाने पुसून पुढच्याच्या तोंडात जात होता. रसायनात बुडवून निर्जंतुक करायचं तर काही मिनिटं पुरत नाहीत, तास लागतात. हिरडीतून रक्त येणाऱ्या माणसानंतर असा आरसा वापरला, तर हिपॅटायटिस बी सारखा संसर्ग पसरण्याची भीती असते.

तिसरं चिन्ह जीएसटीचं. नोंदणीकृत दंतवैद्याने किंवा दवाखान्याने केलेली तपासणी आणि उपचार जीएसटीतून मुक्त आहेत. कर लागतो तो दात पांढरे करण्यासारख्या केवळ दिसण्यासाठीच्या कामांना. तरीही साध्या तपासणीवर 18 टक्के लावले होते. बिल पाहिल्यावर कारण कळलं. मेलवर नाव दवाखान्याचं, पण बिल शिबिरं भरवून रुग्ण पुरवणाऱ्या वेगळ्याच फर्मचं. अशा फर्मची खरी कमाई माणशी शंभर रुपयांत नसते. ती असते कूपन घेऊन दवाखान्यात पोचणाऱ्या प्रत्येक कामगारामागच्या कमिशनमध्ये.

आता शिबिरानंतरचं. संध्याकाळपर्यंत बहुतेकांच्या हातात कार्ड होतं: ‘कीड 4, रूट कॅनाल 2, स्केलिंग’ आणि खाली ‘15 दिवसांत आल्यास 50 टक्के सूट’. हे कार्डच नीट वाचायला हवं होतं. दातांना दोन आकडी क्रमांक असतात. खालची डावी पहिली मोठी दाढ म्हणजे 36, तीच उजवीकडे 46. क्रमांक नसलेली ‘कीड 4’ दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला पडताळता येत नाही, आणि म्हणूनच ती तशी लिहिलेली असते. शिवाय एक्स-रे न काढता ‘रूट कॅनाल’ लिहिता येत नाही. कीड नसेपर्यंत गेली आहे का, मुळाशी काही आहे का, हे त्या दाताच्या छोट्या एक्स-रेतच कळतं. शिबिरात प्रामाणिक डॉक्टर फार तर लिहील: ‘36, खोल कीड, एक्स-रे हवा’. मावा-तंबाखू खाणाऱ्यांच्या दाढांच्या खाचांत काळे डाग बसतात. प्रोब फिरवला तर तिथे कडक लागतं, रुतत नाही. असे डागही या कार्डांवर कीड म्हणून मोजले होते.

एका फिटरला तीन रूट कॅनाल आणि कॅप मिळून 24,000 रुपये सांगितले. ‘काका, एकदम नका देऊ, महिन्याला दोनच हजार, व्याज नाही,’ असं म्हणून काउंटरवरच त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी विचारून घेतला. तो ओटीपी कर्जाच्या मंजुरीचा होता. कर्ज कामगाराच्या नावावर, पूर्ण रक्कम त्याच दिवशी दवाखान्याकडे आणि बारा हप्ते खात्यातून. दोन बैठकांनंतर डॉक्टर बदलले, तारखा पुढे जात राहिल्या, हप्ते मात्र चुकले नाहीत. वाघोडिया तालुक्यातल्या पिपरियाच्या दंत महाविद्यालयात दाखवल्यावर एक्स-रेत तीनपैकी एकाच दाढेला रूट कॅनालची गरज दिसली. एका दाढेत साधं फिलिंग पुरलं असतं आणि तिसऱ्या दाढेवर नुसता डाग होता.

सर्वात जास्त राग येतो तो याचा, की जे बघायला हवं होतं ते कोणी बघितलंच नाही. मावा-गुटखा चघळणाऱ्या माणसांत गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, तोंड स्वतःची तीन बोटं उभी जातील इतकं उघडतं का, ही शिबिरातली सर्वात मोलाची तपासणी. तिला यंत्र लागत नाही आणि तिच्यामुळे कर्करोगाआधीची अवस्था सापडू शकते. कार्डावर तिच्यासाठी रकानाच नव्हता, कारण त्यातून पॅकेज विकलं जात नाही.

असा मेल आला तर उत्तरात मोजकं विचारा. येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरचं नाव आणि राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक. डॉक्टर किती आणि तासाला किती जण बघणार. अवजारांचे संच किती. बिल कोणाच्या नावाचं. वापरलेला कापूस आणि हातमोजे जैविक कचऱ्याच्या पिवळ्या-लाल पिशव्यांतून परत कोण नेणार. कार्डाचा नमुना आधी मागवा आणि त्यात दाताचा क्रमांक व तोंडाच्या आतल्या त्वचेचा रकाना आहे का पाहा. कर्मचाऱ्यांचे फोन नंबर देऊ नका, आणि ‘पगारातून कपातीस कंपनी सहकार्य करेल’ अशी ओळ असेल तर ती खोडायला लावा. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांना उपचारासाठी गोत्रीच्या ईएसआय रुग्णालयाचा रस्ता आधी सांगा.

कोणी ओटीपी देऊन बसलं असेल तर त्याच दिवशी हालचाल करावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात किमान एक दिवसाची मुदत असते. तिच्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय कर्जातून बाहेर पडता येतं. पण मुद्दल दवाखान्याकडे गेलेलं असतं, म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीला आणि दवाखान्याला एकाच वेळी लेखी कळवा की उपचार रद्द आहे, रक्कम परत पाठवा. मुदत टळली असेल तर कार्ड, कर्जाचा करार, दवाखान्याच्या पावत्या आणि दुसऱ्या डॉक्टरचा एक्स-रेसह लेखी अहवाल गोळा करून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा आणि डॉक्टरविरुद्धची तक्रार गुजरात राज्य दंत परिषदेकडे वेगळी पाठवा. अर्धवट उघडून ठेवलेली दाढ मात्र तक्रारीच्या निकालासाठी थांबवू नका. तात्पुरतं सिमेंट निघालं की आत पुन्हा जंतू शिरतात, आणि वाचू शकणारी दाढ काढावी लागते.