फ्रीज नक्की कोणाचा? फ्लॅटमधल्या सामानाच्या यादीचे तीन पर्याय

पुण्यात तिघांनी मिळून टू बीएचके घेतला की पहिल्याच महिन्यात फ्रीज, शेगडी, मिक्सर अशी भराभर खरेदी होते. करार असतो अकरा महिन्यांचा, आणि तिघेही एकाच दिवशी बाहेर पडतात असं क्वचितच होतं. कुणाला मधेच बंगळुरूची नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं. म्हणून कुठली वस्तू कुणाची याची यादी कुठे ठेवायची ते ठरवताना एकच बघावं: मधेच निघालेल्या माणसाला तिच्यातून सरळ उत्तर मिळतं का.

सगळ्यात सोपी म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची यादी. पण तिथला मेसेज पंधरा मिनिटांनंतर बदलता येत नाही आणि पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त तीस दिवस वर राहतो. त्यामुळे प्रत्येक नव्या वस्तूबरोबर नवी यादी टाकावी लागते, जुनीही तशीच राहते, आणि भांडणात जो तो आपल्या सोयीची यादी वर काढतो. ग्रुपचा खरा उपयोग बिलांचे आणि वस्तूंचे फोटो तारखेसकट टाकून ठेवायला.

दुसरा पर्याय स्प्लिटवाईज, म्हणजे खर्च वाटून घ्यायचं अ‍ॅप. बहुतेक फ्लॅटमध्ये ते आधीपासून असतंच, म्हणून ‘त्यात सगळं आहे की’ असं वाटतं. पण ते पैसे सांगतं, मालकी नाही. अठरा हजारांचा फ्रीज एकाने घेतला, दोघांनी सहा-सहा हजार दिले, हिशेब शून्यावर आला. आता फ्रीज तिघांचा, की दोघांनी फक्त वापराचे पैसे दिले? अ‍ॅपला ते विचारलेलंच नसतं. शिवाय जी वस्तू वाटून घेतलीच नाही तिची तिथे नोंदच होत नाही. कुणी स्वतःच्या पैशाने घेतलेला मिक्सर, कुणाच्या आईने गावाहून पाठवलेला कुकर, यांचा मागमूस नाही. आणि निघताना वाद नेमका कुकरवरून होतो.

माझं मत गूगल शीटला. रकाने थोडेच हवेत: वस्तू, ओळख पटेल असा तपशील (कंपनी, रंग), मालक, तारीख, किंमत, बिल कुणाच्या नावावर. मालकाच्या रकान्यात फ्लॅटमालकाचं नावही येऊ द्या, कारण गीझर, पंखे, ट्यूबलाइट त्यांच्या असतात आणि डिपॉझिट परत घेताना त्या मोजल्या जातात. ब्रॉडबँडचा राउटर बऱ्याचदा कंपनीचा असतो, तेही लिहावं. कुणी नंतर गुपचूप ओळ बदलली तर File > Version history > See version history मध्ये कुणी आणि कधी ते दिसतं, फक्त प्रत्येकाने आपापल्या खात्यातून शीट उघडायला हवी. लिंक सगळ्यांना खुली ठेवलीत तर बदल अनामिक नावाने होतात. उणीव एकच: भरणारा माणूस लागतो. लाइट बिल ज्याच्याकडे असतं त्याच्याच गळ्यात हे घालावं.

पण शीट असली तरी मालकाच्या रकान्यात ‘तिघांचा’ लिहिलं की गाडी परत तिथेच अडते. वरचाच फ्रीज घ्या. चौदा महिन्यांनी एकजण निघाला. फ्रीज पाच वर्षांत शून्यावर येतो असं धरलं तर महिन्याला तीनशे रुपये घटतात, म्हणजे चार हजार दोनशे वजा जाऊन उरले तेरा हजार आठशे, आणि त्याचा वाटा चार हजार सहाशे. राहिलेले दोघे म्हणतात, जुन्या बाजारात याला नऊ हजारच येतील, तीन हजार घे. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, म्हणूनच भांडण मिटत नाही. सामाईक वस्तू घ्यायचीच असेल तर यातला कोणता हिशेब धरायचा ते खरेदीच्याच दिवशी त्या ओळीत लिहावं. रिकाम्या जागी येणारा नवा मुलगा हा वाटा देणार का, तेही.

त्यापेक्षा एक वस्तू एकाच्या नावावर बरी: फ्रीज एकाचा, वॉशिंग मशिन दुसऱ्याचं, शेगडी-मिक्सर-ओव्हन तिसऱ्याचं. किमती साधारण जुळवून घ्यायच्या, बिलही त्याच नावाने, म्हणजे वॉरंटीचा फोनही तोच करतो. यात त्रास राहिलेल्यांना होतो, कारण फ्रीजवाला गेला की फ्रीजही जातो. म्हणून एक महिना आधी सांगायचं आणि विकायचा झाला तर आधी घरातल्यांना विचारायचं, असं शीटच्या वरच्या ओळीत टाकावं.

याला अपवाद भिंतीत बसवलेल्या वस्तूंचा, म्हणजे खिडकीच्या मच्छरजाळ्या, पडद्यांचे दांडे. त्या काढून नेल्या तर मागे भोकं राहतात आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात, म्हणून त्यांच्यासमोर ‘इथेच राहणार’ एवढंच लिहायचं. गॅस कनेक्शनही एकाच्याच नावावर असतं. सिलिंडर त्याचाच धरायचा, आणि डिपॉझिटची पावती त्याच्याकडेच आहे का हे आजच विचारून घ्या.