तीस डोसांचे पैसे आणि तेरा गोळ्या

रोजचा दर ७०० रुपये, औषधाचे ५० रुपये आणि जास्त दिवस ठेवल्यास १० टक्के सूट, असे फोनवर ऐकून मी आमच्या कुत्र्याला, मोतीला, कुत्रे ठेवून घेणाऱ्या एका बोर्डिंगमध्ये ठेवले आणि परत आणताना माझ्या हातात १५,३४० रुपयांचे बिल पडले. माझ्या हिशेबाने ते १०,२०० व्हायला हवे होते. वरच्या ५,१४० रुपयांचा राग आहेच, परंतु हे सविस्तर लिहिण्याचे कारण निराळे आहे: ज्या सेवेसाठी हे जादा पैसे लावले, ती सेवा निम्मीसुद्धा दिलेली नव्हती.

मोतीला आकडी येते. त्याला सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता फेनोबार्बिटलची एकेक गोळी द्यावी लागते. हे औषध अचानक बंद केले किंवा त्याचे डोस वारंवार चुकले, तर थांबलेल्या आकड्या उलटून येतात, म्हणून वेळ पाळणे फार महत्त्वाचे असते. शिवाय मागे स्वादुपिंडाला सूज आल्यामुळे त्याला डॉक्टरांनी लिहून दिलेले कमी चरबीचेच खाद्य चालते, प्रत्येक जेवणाला १४० ग्रॅम. मी ४० गोळ्या, सहा किलोची सीलबंद पिशवी, मापाचा कप आणि डॉक्टरांची चिठ्ठी असे सगळे स्वतः नेऊन दिले होते. इतके करूनही माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका कोणी ठेवणार असेल, तर त्याने खुशाल ठेवावा.

आता बिल कसे फुगले ते पाहा. शुक्रवारी संध्याकाळी सातला सोडले आणि दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी सकाळी नऊला घेतले, म्हणजे पंधरा रात्री झाल्या. त्यांनी मात्र तारखा मोजून सोळा दिवस लावले, म्हणजे ११,२०० रुपये. औषधाचे ५० रुपये मी दिवसाचे समजले होते, ते निघाले डोसाचे: तीस डोसांचे १,५००. खाद्य आमचेच असूनही ‘विशेष आहार’ म्हणून दर जेवणाला ६० रुपये, तीस जेवणांचे १,८००. आणि ज्या सवलतीची जाहिरात होती, ती म्हणे महिन्याच्या वर राहणाऱ्यांसाठी. उलट दहा दिवसांनंतर ‘दीर्घ मुक्काम देखभाल’ या नावाखाली २० टक्के अधिभार, सहा दिवसांचे ८४० रुपये. फॉर्मवर ‘औषध : ५० रु.’ एवढेच लिहिलेले होते. त्यापुढे ‘दर दिवशी’ की ‘दर डोसाला’ हे माणसाने कुठे वाचायचे? दिवस रात्रींवर मोजणार की तारखांवर, आणि आपलेच खाद्य भांड्यात ओतण्याचे पैसे पडणार का, हे मेसेजवर लिहून घ्या. फोनवरच्या गोड बोलण्याला काडीचीही किंमत नसते.

पूर्ण पैसे भरल्याखेरीज कुत्रा सोडणार नाही, असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले. मोती जाळीच्या पलीकडून भुंकत होता, तेव्हा ५,००० रुपयांच्या आगाऊ रकमेत उरलेले १०,३४० घालून मी बाहेर पडले. इथपर्यंत मी याला लबाडी म्हणाले असते, फसवणूक नव्हे.

त्याच रात्री मोतीला आकडी आली, कित्येक महिन्यांनंतर. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्तातली फेनोबार्बिटलची पातळी तपासली. आधीच्या तपासणीत ती २४ होती, आता ११ निघाली. १५ च्या खाली गेली की औषध पुरेसे काम करत नाही, असे ते म्हणाले. घरी येऊन मी परत आलेल्या गोळ्या मोजल्या. ४० पैकी ३० संपून १० उरायला हव्या होत्या. उरल्या होत्या २७. मग खाद्याची पिशवी काट्यावर ठेवली. तीस जेवणांचे ४ किलो २०० ग्रॅम जाऊन त्यात १ किलो ८०० ग्रॅम राहायला हवे होते, ते भरले ४ किलो १८० ग्रॅम. म्हणजे पिशवीतून गेली तेरा जेवणे आणि पाकिटातून गेल्या तेरा गोळ्या. ज्या वेळी त्याचे पथ्याचे खाद्य वाढले, त्याच वेळी त्यात घालून गोळी दिली. बाकीच्या वेळी सगळ्यांचे खाद्य त्याच्याही पुढे सरकवले आणि गोळीची आठवणही कोणाला झाली नाही. औषध व आहार मिळून ३,३०० रुपये घेतले, त्यांपैकी १,८७० रुपये कधी न दिलेल्या डोसांचे आणि न वाढलेल्या जेवणांचे.

आणि हे सारे माझ्या फोनवर आलेले होते, याचीच चीड जात नाही. पाचव्या दिवशी त्यांनी पाठवलेल्या फोटोत मोती जीभ बाहेर काढून बसलेला आहे आणि त्याच्या मागे भिंतीला टेकवून आमची पिशवी उभी आहे. तिच्या तोंडावरची फाडायची पट्टी जशीच्या तशी आहे. पाच दिवस ज्या कुत्र्याने फक्त तेच खायचे, त्याची पिशवी फोडलेलीच नाही! मी त्यावर हृदयाचे चिन्ह पाठवून मोकळी झाले. त्या आठवड्यात माझी आई शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात होती. अशा वेळी फोटोत कुत्रा पाहायचा की पिशवीचे तोंड? रोज फोटो येतात म्हणजे काळजी घेतली जाते, असे मानू नका. फोटो मागायचाच असेल, तर गोळ्यांच्या पाकिटाचा मागा, आणि देण्याआधी प्रत्येक गोळीच्या मागे तारीख व ‘सकाळ’ किंवा ‘रात्र’ असे पेनाने लिहून ठेवा.

तपासणी आणि उपचारांना ६,८५० रुपये लागले ते वेगळेच. बोर्डिंगच्या मालकाकडे औषधाचा चार्ट मागितला, म्हणजे कोणत्या वेळी कोणी गोळी दिली त्याची सहीसह नोंद. ‘आमची मुले तोंडी लक्षात ठेवतात,’ हे उत्तर मिळाले. डोसामागे पैसे आकारणाऱ्याकडे डोसाची नोंद नसेल, तर तीस हा आकडा त्याने आणला कुठून?

पोलीस ठाण्यात गेले तर तिथल्या साहेबांनी आधी कुत्र्याची जात विचारली, मग कुत्रा जिवंत आहे ना, असे विचारले आणि तो आहे म्हटल्यावर हा पैशांचा दिवाणी वाद असल्याचे सांगून अर्जावर पोचसुद्धा दिली नाही. पालिकेच्या पशुवैद्यकीय खात्यात मला कळले की त्यांच्याकडे कुत्रा पाळण्याच्या परवान्याचा अर्ज मिळतो, कुत्रे ठेवून घेणाऱ्यांबद्दल त्यांना काही ठाऊक नाही. आरोग्य खात्यात जा, असे त्यांनी सांगितले. आरोग्य खात्याने दुर्गंधी किंवा आवाजाची तक्रार असेल तरच ती आमच्याकडे, असे सांगून परत पशुवैद्यकीय खात्याचाच मजला दाखवला. ग्राहक तक्रारीची ऑनलाइन नोंद केली, तर ‘समोरील पक्षाने सेवा दिल्याचे कळवले आहे’ या एका ओळीवर ती बंद झाली. सेवा दिली नाही हीच माझी तक्रार आहे, आणि ती दिल्याचा पुरावा कोण मागणार? २७ गोळ्यांचा आणि काट्यावरच्या पिशवीचा फोटो जोडला होता. तो कोणी उघडल्याचे मला तरी दिसले नाही.

गेल्या आठवड्यात मालकाचा फोन आला. ऑनलाइन लिहिलेला अभिप्राय काढून टाकल्यास औषधाचे १,५०० रुपये परत करायला तो तयार आहे. मी त्याला सांगितले की १,८७० रुपये आणि डॉक्टरांचे ६,८५० मिळून ८,७२० रुपये होतात, ते लेखी कबुलीसह पाठवावेत. आता उरलेल्या गोळ्या, रक्ताचे दोन्ही अहवाल आणि पाचव्या दिवसाचा तो फोटो घेऊन मी वकिलामार्फत नोटीस पाठवत आहे.